टाकी, पंप आणि पी अँड आयडी : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

खडकवासल्याचे पाणी वारज्याच्या जलकेंद्रात शुद्ध होऊन महापालिकेच्या नळांतून गृहसंस्थांच्या हौदांपर्यंत येते. परंतु दहामजली इमारतीच्या गच्चीवरील टाकीपर्यंत ते आपल्या बळावर चढत नाही, आणि म्हणून तळघरातील हौद, त्याच्या शेजारचे दोन पंप, वर जाणारा नळ आणि गच्चीवरची टाकी एवढा संसार जवळजवळ प्रत्येक इमारतीत मांडलेला असतो. कारखान्यात नव्याने दाखल झालेल्या उमेदवाराला पी अँड आयडी नामक आलेख वाचावयास शिकवावयाचा असेल, तर रासायनिक प्रकल्पाचे भलेमोठे तक्ते त्याच्यापुढे पसरण्यापेक्षा वारज्यातील अशा एखाद्या इमारतीचा पाणीपुरवठा एका कागदावर काढून दाखवावा, हे मला अधिक सयुक्तिक वाटते. कारण त्या कागदाविषयीचे बहुतेक गैरसमज एवढ्याशा सामग्रीतही पुरेपूर प्रकट होतात.

आपल्या कागदावर हौदाला T-101, गच्चीवरील टाकीला T-102 आणि पंपांना P-101A व P-101B अशी नावे देऊ. पंपांपैकी एक चालतो आणि दुसरा राखीव असतो.

पहिला गैरसमज असा की हा आलेख म्हणजे जागेचा नकाशा होय. कागदावर पंप हौदापासून दोन बोटे दूर दिसला, म्हणजे प्रत्यक्षातही त्या प्रमाणात अंतर असेल, आणि नळ सरळ काढला आहे म्हणजे त्यात एकही कोपरा नसेल, असे उमेदवार धरून चालतो. वस्तुत: या कागदाला प्रमाणपट्टी नसते, अंतर, उंची आणि वळणे यांचा तपशील मांडणीच्या नकाशात व आयसोमेट्रिकमध्ये सापडतो. मात्र यावरून कागदावरची जागा अगदीच निरर्थक आहे असा दुसऱ्या टोकाचा निष्कर्ष काढणे त्याहून घातक. कारण नळावर कोणती वस्तू कोणत्या वस्तूच्या आधी किंवा नंतर येते, तो क्रम मात्र काटेकोर सत्य असतो.

हा क्रम आपल्या पंपापाशी नीट पाहण्याजोगा आहे. हौदातून निघालेल्या नळावर प्रथम एक गेट व्हॉल्व्ह, मग पंप, पंपानंतर दाबमापक, त्यानंतर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, ज्याला सर्वजण एनआरव्ही म्हणतात, आणि त्याच्याही पुढे आणखी एक गेट व्हॉल्व्ह असा अनुक्रम प्रत्येक पंपासाठी असतो, आणि मग दोन्ही पंपांचे नळ एकत्र होऊन वर जातात. शेवटच्या दोन वस्तूंची अदलाबदल केली तर काय बिघडले, असे पुष्कळांना वाटते. परंतु एनआरव्ही पुढे आणि गेट व्हॉल्व्ह मागे असा क्रम पडला, तर एनआरव्हीत कचरा अडकल्यावर तो उघडण्यासाठी गच्चीपर्यंत भरलेला सबंध नळ रिकामा करावा लागेल, आणि तेवढा वेळ चांगला असलेला दुसरा पंपही बंद ठेवावा लागेल; योग्य क्रमात मात्र पुढचा व मागचा असे दोन व्हॉल्व्ह बंद केले, की पंप आणि एनआरव्ही दोन्ही मोकळे होतात आणि इमारतीला पाणी मिळत राहते.

एनआरव्ही हा केवळ शोभेचा बाण आहे, ही समजूतही याच ठिकाणी दूर व्हावी. राखीव पंपाचा एनआरव्ही पूर्ण बसत नसेल, तर चालू पंपाने उचललेले पाणी वर जाण्याऐवजी काही अंशी राखीव पंपातून उलटे हौदात परतते. दहा मीटर उंचीला सुमारे एक किलो दाब या हिशेबाने तीस मीटर उंचीच्या टाकीसाठी दाबमापक तीन किलोंच्या वर काही तरी दाखवीत असतो. तो नेहमीपेक्षा खाली आला, टाकी भरण्यास वेळ लागू लागला आणि बंद असलेल्या पंपाचा दांडा उलट्या दिशेने फिरताना दिसला, म्हणजे निदान झालेच. खात्रीसाठी राखीव पंपाचा पुढचा गेट व्हॉल्व्ह आवळावा; चालू पंपाचा दाब तत्काळ पूर्ववत झाला, तर दोष त्या एनआरव्हीचाच.

आता आकृतींकडे वळू. टोकाला टोक भिडविलेले दोन त्रिकोण दिसले की उमेदवार “व्हॉल्व्ह” म्हणून मोकळा होतो, आणि व्हॉल्व्ह म्हणजे व्हॉल्व्ह, त्यात प्रकार कसले, असे मानतो. परंतु त्या दोन त्रिकोणांच्या संधीवर भरीव ठिपका असेल तर तो ग्लोब व्हॉल्व्ह, पोकळ वर्तुळ असेल तर बॉल व्हॉल्व्ह. आणि काहीच नसेल तर काही दप्तरांत तो गेट व्हॉल्व्ह, तर काही दप्तरांत प्रकार अद्याप ठरावयाचा आहे असा कोणताही व्हॉल्व्ह. हा भेद कामाचा आहे, कारण ग्लोब व्हॉल्व्हने प्रवाह कमीजास्त करता येतो, तर गेट व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवून तेच काम त्याच्याकडून करून घेतले तर त्याचे पाते थरथरते, झिजते, आणि पुढे पूर्ण बंद करूनही पाणी थांबत नाही. शिवाय सबंध त्रिकोणच काळे भरलेले असतील, तर तो व्हॉल्व्ह नित्य व्यवहारात बंद असतो, असा पुष्कळ ठिकाणी संकेत आहे. हौदाच्या तळाचा निचऱ्याचा व्हॉल्व्ह तसा काढलेला आढळेल. झेरॉक्सची झेरॉक्स काढून काढून पोकळ वर्तुळ भरून आलेले कागद मी पाहिले आहेत, आणि अशा कागदावर बॉल व्हॉल्व्हचा ग्लोब व्हॉल्व्ह व्हावयास शाईचा एक डाग पुरतो.

चिन्हे सर्वत्र एकच असतात, हा समजही यावरून ढासळावा. अमेरिकेतील इन्स्ट्रुमेंट सोसायटीने १९४९ साली या विषयावरील आपली पहिली शिफारस प्रसिद्ध केली, तीच पुढे सुधारत जाऊन आज आयएसए ५.१ म्हणून परिचित आहे, आपल्याकडे आय. एस. ३२३२ हे भारतीय मानक आहे. आणि याउपर प्रत्येक कंपनीचा स्वत:चा जाबता असतो. म्हणून आलेखसंचाचे पहिले पान, ज्यावर चिन्हांची सूची असते, ते वाचल्याशिवाय दुसरे पान उलटू नये.

उपकरणांच्या वर्तुळांविषयीचा घोटाळा अधिक सूक्ष्म आहे. पंपाचे वर्तुळ नळावरच बसते. उपकरणाचे वर्तुळ नळाच्या बाजूला, बारीक रेषेने जोडलेले असते आणि त्याच्या पोटात अक्षरे असतात. त्या वर्तुळाच्या मधून गेलेली आडवी रेघ म्हणजे नळ आरपार गेला आहे, असे नव्याला वाटते. ती रेघ वस्तुत: उपकरणाचे ठिकाण सांगते : रेघ नसेल तर उपकरण जागेवर, नळापाशी किंवा टाकीपाशी; एक अखंड रेघ असेल तर नियंत्रणकक्षातील मुख्य पॅनेलवर; दोन रेघा असतील तर पंपाजवळच्या स्थानिक पॅनेलवर; आणि रेघ तुटक असेल तर पॅनेलच्या मागे, चालकाच्या हाताला न लागणारे.

अक्षरांच्या बाबतीत एकच नियम मनात पक्का करावा, तो असा की अक्षराचा अर्थ त्याच्या स्थानावर अवलंबून असतो. पहिले अक्षर काय मोजावयाचे ते सांगते आणि नंतरची अक्षरे त्या मोजमापाचे काय करावयाचे ते सांगतात. आपला दाबमापक म्हणून PI-101 : P म्हणजे दाब, I म्हणजे दर्शक. बाजारात त्याला प्रेशर गेज म्हणतात म्हणून उमेदवार हटकून PG लिहितो, आणि काही दप्तरे ते चालवूनही घेतात. परंतु आकडा दाखविणाऱ्याला रूढ अक्षर I. गच्चीवरील टाकीत LSL-102 आणि LSH-102 असे दोन फ्लोट स्विच आहेत. पहिल्यातील आरंभीचे L पाण्याची पातळी दाखविते, आणि अखेरचे L ती पातळी खाली गेल्याचे; मधला S म्हणजे स्विच. दुसऱ्यातील H म्हणजे पातळी वर गेली. आता पंपाच्या पॅनेलवरील HS-101 पाहा : येथे H आरंभी आले, म्हणून त्याचा उंचीशी काही संबंध उरला नाही, तो हाताने फिरवावयाचा, ऑटो, बंद आणि मॅन्युअल अशा तीन जागांचा स्विच होय.

या उपकरणांतून निघालेल्या तुटक रेषा म्हणजे जमिनीखालून गेलेले नळ, असे स्थापत्याच्या नकाशांना सरावलेली मंडळी हमखास समजतात. येथे तुटक रेषा ही विजेच्या संकेताची वाट असते. LSL-102 पंपाला चालू होण्याचा हुकूम देतो, LSH-102 थांबण्याचा, आणि हौदातील LSLL-101 हा, पाणी अगदी तळाशी गेल्यावर, पंप कोरडा चालू नये म्हणून त्याला बंद पाडतो.

महापालिकेच्या नळावर बसविलेल्या विजेच्या व्हॉल्व्हखाली FC ही अक्षरे असतात, आणि तो नेहमी बंद असतो असे त्यावरून समजले जाते. नेहमीच्या स्थितीसाठी NC हा वेगळा संकेत आहे. व्हॉल्व्हखालील FC वीज गेल्यावर व्हॉल्व्हने काय करावे ते सांगते, म्हणजे बंद व्हावे. (वर्तुळाच्या पोटात तीच अक्षरे आली तर मात्र तो प्रवाहाचा नियंत्रक.) पाणी ठरावीक वेळीच येत असेल आणि नेमकी तेव्हाच वीज गेली, तर FC व्हॉल्व्ह हौदाला पाण्यावाचून ठेवील, FO असेल तर तो उघडा राहून पाणी घेत राहील, आणि मग हौद ओसंडू नये म्हणून विजेवर न चालणारा साधा बॉल कॉक त्याच नळावर असावा लागेल. कोणते पत्करावे हा अभियंत्याचा निर्णय. उमेदवाराला तो कागदावरून निश्चित वाचता आला पाहिजे.

शेवटी, हा कागद सर्व काही सांगतो, या समजुतीविषयी. LSLL-101 पासून पंपापर्यंत तुटक रेषा आहे एवढे पाहून पंप कधीच कोरडा चालणार नाही अशी ग्वाही देऊ नये. पॅनेलच्या आत त्या फ्लोटची तार केवळ ऑटोच्या वाटेत घेतली असेल, तर कोणी स्विच मॅन्युअलवर फिरवून विसरला की हौद रिकामा झाला तरी पंप फिरतच राहतो, आणि काही वेळात त्याचे मेकॅनिकल सील जळते. ती तार नेमकी कोठून गेली आहे, आणि ती तुटली असता पंप थांबतो की चालूच राहतो, याचे उत्तर पॅनेलच्या वायरिंगच्या नकाशात असते; आणि तो नकाशा हाती नसेल, तर स्विच मॅन्युअलवर ठेवून, पंप चालू असताना फ्लोट हाताने खाली सोडून पाहावा, म्हणजे क्षणात समजते.