चाळीस पैशांचा पेच

सुटे पैसे परत देताना बहुतेक माणसे एकच रीत वापरतात. उरलेल्या रकमेत बसेल ते सर्वांत मोठे नाणे आधी द्यायचे, मग राहिलेल्या रकमेसाठी पुन्हा तेच. संगणकशास्त्रात हिला ‘ग्रीडी’, म्हणजे हावरी पद्धत म्हणतात. हातातले मोठे नाणे आधी उचलायचे आणि पुढचा विचार करायचा नाही, एवढाच तिचा नियम. 87 रुपये द्यायचे तर 50, 20, 10, 5 आणि 2 असे पाच नग होतात, आणि याहून कमी नगांत ते देता येत नाहीत. मात्र ही कमीत कमी संख्या दर वेळी मिळेलच असे नाही. ते चलनात कोणती नाणी आहेत यावर ठरते.

भारतीय नाण्यांतच याचे उत्तम उदाहरण सापडते. 1957 साली दशमान नाणी येऊ लागली, आणि त्या मालिकेत 1, 2, 5, 10, 25 आणि 50 पैसे असा संच होता. 1964 मध्ये 3 पैशांचे आणि 1968 मध्ये 20 पैशांचे नाणे आले. आता 40 पैसे द्यायचे आहेत असे धरू. हावरी पद्धत आधी चार आण्यांचे नाणे उचलते, उरलेल्या 15 पैशांसाठी 10 आणि 5 देते. एकूण तीन नाणी. पण 20 पैशांची दोनच नाणी हे काम करतात. 40 ते 44 आणि 90 ते 94 पैशांपर्यंतच्या सगळ्या रकमांत हीच चूक होते. चार आण्यांचे नाणे उचलले की 20 पैशांच्या जोडीचा रस्ता बंद होतो, आणि हावऱ्या पद्धतीला मागे फिरता येत नाही.

प्रत्येक नाणे आधीच्या लहान नाण्याच्या पूर्ण पटीत असेल, तर असा पेच पडूच शकत नाही. 1, 5, 10, 50 या संचात लहान नाणी पुरेशी साठली की त्यांच्या बदली एक मोठे नाणे देता येते, म्हणून मोठे नाणे आधी घेण्यात तोटा नाही. पण ही अट गरजेपेक्षा कडक आहे. 5 ही 2 ची पट नाही, तरी 1, 2, 5 हा संच निर्दोष आहे. तीन दुक्क्यांऐवजी 5 आणि 1 देता येतात, दोन दुक्के आणि एका रुपयाऐवजी तर 5 चे एकच नाणे पुरते.

मग एखादे नवे नाणे संच बिघडवील की नाही हे आधी कसे ओळखायचे? 1975 साली मॅगझिन, नेमहाउझर आणि ट्रॉटर यांनी यासाठी फार सोपी कसोटी सिद्ध केली. आधीचा संच निर्दोष असावा आणि नवे नाणे त्यातल्या सर्वांहून मोठे असावे, एवढेच तिला लागते. जुन्या संचातले सर्वांत मोठे नाणे इतक्या वेळा घ्यायचे की बेरीज नव्या नाण्याइतकी होईल किंवा प्रथमच त्याच्या पुढे जाईल. तेवढी रक्कम हावऱ्या पद्धतीने देऊन पाहायची. जुनी नाणी जेवढी लागली त्यांहून जास्त नाणी लागली, तर संच सदोष. न लागल्यास तो सर्व रकमांसाठी निर्दोष. एका रकमेच्या तपासणीवरून असंख्य रकमांचा निकाल लागतो, हे या सिद्धांताचे खरे सौंदर्य आहे.

1, 2, 3, 5, 10, 20 हा संच निर्दोष आहे. त्यात 25 घालून पाहू. 20 ची दोन नाणी घेतली की बेरीज प्रथमच 25 च्या पुढे जाते आणि तपासायची रक्कम 40 ठरते. तिथे हावऱ्या पद्धतीला तीन नाणी लागतात, म्हणजे संच बिघडला. 25 ऐवजी 50 घातले तर 20 ची तीन नाणी घ्यावी लागतात. रक्कम 60 येते आणि ती 50 व 10 या दोनच नाण्यांत भागते. म्हणून 20 आणि 50 एकत्र नांदतात, 20 आणि 25 नाही.

ब्रिटनमध्ये दशमान चलनापूर्वी 30 पेन्सचा हाफ क्राउन आणि 24 पेन्सचा फ्लोरिन सोबत चालत. तिथे 48 पेन्ससाठी दोन फ्लोरिन पुरत, तर हावरी पद्धत 30, 12 आणि 6 अशी तीन नाणी देई.

भारतात 25 आणि त्याखालील पैशांची नाणी 30 जून 2011 पासून चलनातून गेली. आजचा 1, 2, 5, 10, 20, 50, 100, 200, 500 रुपयांचा संच निर्दोष आहे, पण गल्ल्यात प्रत्येक नग शिल्लक असेल तरच. दहाच्या नोटा आणि नाणी संपली असतील तर 60 रुपयांसाठी ही पद्धत 50 आणि पाचची दोन नाणी देते, म्हणजे तीन नग. विसाच्या तीन नोटाही तेवढ्याच. पाचची नाणीही संपली की मात्र 50 सोबत दोनची पाच नाणी मोजावी लागतात, आणि विसाच्या तीन नोटा सरस ठरतात. एक रुपयाची नाणी नसतील तर अडचण आणखी वाढते. 6 रुपये देताना 5 चे नाणे उचलले की 1 रुपया कशानेच भागत नाही, जरी दोनची तीन नाणी समोर असली तरी.

अशा वेळी संगणक लहान रकमेपासून वर चढतो. प्रत्येक रकमेसाठी शेवटचे नाणे कोणते असू शकते ते तो पाहतो आणि उरलेल्या रकमेचे आधीच काढलेले उत्तर वापरतो. 40 पैशांसाठी शेवटचे नाणे 25 धरले तर 15 उरतात, त्यांना दोन नाणी लागतात. 20 धरले तर 20 उरतात आणि एकच पुरते. दोन्ही वाटा तोलून पाहिल्यामुळे उत्तर दोन नाणी येते. त्यासाठी रकमेइतके टप्पे मोजावे लागतात, तर निर्दोष संचात हावऱ्या पद्धतीला प्रत्येक प्रकारच्या नाण्यासाठी एक भागाकार पुरतो.