पत घसरली की व्याज का चढते?

समजा, सरकारी रोख्यावर वर्षाला ७ टक्के मिळतात. कमी पतमानांकनाच्या शंभर कंपन्यांना प्रत्येकी १०० रुपये दिले आणि त्यांतल्या दोन बुडाल्या. त्या दोघींकडून चाळीस-चाळीसच हाती आले. तरीही एकूण १०,७०० हवेत, तर उरलेल्या ९८ जणींनी प्रत्येकी सुमारे १०८ रुपये ३७ पैसे द्यायला हवेत. म्हणजे जवळपास ८.४ टक्के व्याज, तेही निव्वळ तोटा भरून काढायला. धोका पत्करण्याचा मोबदला वेगळाच! शिवाय अनेक फंडांना खालच्या श्रेणीचे रोखे घेताच येत नाहीत. गिऱ्हाईक घटतं, व्याज आणखी चढतं.

अर्थात, मानांकन म्हणजे हमी नव्हे. आयएल अँड एफएसला २०१८च्या मध्यापर्यंत ‘ट्रिपल ए’ होतं. सप्टेंबरात थेट ‘डी’, म्हणजे थकबाकीदार.