पाच वर्षांची मोजणी

पुण्यातल्या एका कंपनीत तीन वर्षे काम करून नोकरी बदलणाऱ्या मुलीचा हिशेब पाहू. पीएफसाठी धरलेला पगार महिना १५,००० रुपये. तीन वर्षांत तिच्या पगारातून ६४,८०० रुपये कापले गेले, कंपनीच्या वाट्यातले पेन्शन वजा जाता १९,८०० रुपये पीएफमध्ये आले आणि व्याज सुमारे ११,०००. हाती येण्याजोगे ९५,६०० रुपये!

ते काढले, की सलग पाच वर्षांची सेवा नसल्याने आणि रक्कम ५०,०००च्या वर असल्याने पॅन जोडलेला असूनही १० टक्के, म्हणजे ९,५६० रुपये टीडीएस कापला जातो.

टीडीएस म्हणजे अंतिम कर नव्हे. कंपनीचा वाटा आणि त्यावरचे व्याज पगारात धरले जाते, स्वतःच्या वाट्यावरचे व्याज इतर उत्पन्नात. आधी ८०सी खाली वजावट घेतली असेल, तर तीही परत द्यावी लागते. त्यामुळे वरच्या टप्प्यातल्या करदात्याला विवरणपत्र भरताना आणखी रक्कम मोजावी लागते.

पाच वर्षे एकाच कंपनीत काढायची सक्ती मात्र नाही, आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. जुनी शिल्लक नव्या खात्यात वर्ग केली, की आधीची तीन वर्षेही मोजली जातात. नव्या नोकरीत आणखी दोन झाली, की पुढे काढलेली रक्कम करमुक्त. यूएएन एकच आहे म्हणून निर्धास्त राहू नये. पासबुकात जुन्या कंपनीच्या नावाखाली शिल्लक दिसत असेल, तर ती अजून वर्ग झालेली नाही.

आजारपणामुळे किंवा कंपनीच बंद पडल्याने नोकरी गेली, तर पाच वर्षांची अट लागत नाही.