एमबीएला निघताना राजीनामा कसा लिहावा?

फिरत्या विक्री प्रतिनिधीच्या राजीनाम्यात मार्केटिंगमधल्या एमबीएचं कारण सांगायला एक वाक्य पुरतं. खरं महत्त्व तारखेला आणि हिशेबाला असतं. समजा, वर्ग १ जुलैला सुरू होणार आणि नोटीस ३० दिवसांची आहे. २५ मेला पत्र दिलं, तर शेवटचा दिवस २४ जून येतो; तो पत्रात स्पष्ट लिहावा. सोबत दुकानवार उधारी, वितरकाचे अडकलेले स्कीम-क्लेम आणि हाती असलेले नमुने यांची यादी जोडावी. नव्या माणसाला बीटवर नेऊन येणी दुकानदारांसमोर पडताळावी आणि यादीवर वरिष्ठांची सही घ्यावी. हे राहिलं, तर जुनी थकबाकी जाणाऱ्याच्या नावावर निघते, अंतिम हिशेब अडतो आणि महाविद्यालयाने मागितलेलं अनुभवपत्र लांबतं.