ताप उतरल्यानंतरची उलटी

घरातल्या औषधांच्या डब्यात पाण्यात टाकली की फसफसून विरघळणारी डोकेदुखीची गोळी बहुतेक असतेच. ती असते ॲस्पिरिनची. आजोबांना हृदयासाठी रोज घ्यावी लागणारी छोटी गोळीही अनेकदा तीच. फ्लू किंवा कांजिण्यांच्या तापात असलेल्या मुलाला मात्र तिचा तुकडाही देऊ नये, असं डॉक्टर सांगतात. याचं कारण आहे ‘राय सिंड्रोम’ नावाचा एक दुर्मीळ आजार.

डग्लस राय हे सिडनीच्या मुलांच्या रुग्णालयातले पॅथॉलॉजिस्ट. 1951 पासूनच्या अकराएक वर्षांत त्यांच्याकडे एकाच प्रकारची 21 मुलं नोंदली गेली आणि त्यांतली 17 दगावली. शवविच्छेदनात यकृत पिवळंधमक आणि चरबीने भरलेलं दिसे. मेंदू सुजलेला असे, पण त्यात जंतुसंसर्गाची खूण नसे. 1963 मध्ये राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सगळं ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं.

या आजाराची चाल फसवी असते. समजा, नऊ वर्षांच्या मुलाला फ्लू झाला. तीन दिवस ताप होता, चौथ्या दिवशी उतरला आणि पोरानं वरणभात मागून घेतला. पाचव्या दिवशी सकाळी उलटी झाली, मग दर तासाला होत राहिली. काहीतरी बाधलं असेल, असं घरच्यांना वाटलं. दुपारी तो पेंगुळला. संध्याकाळी उठवायला गेलं तर चिडून हात झटकू लागला, भलतंच बोलू लागला, समोर आई असून तिला ओळखेना. यापुढची पायरी झटक्यांची आणि बेशुद्धीची. डोळे पिवळे नसल्यामुळे यकृताकडे कुणाचं लक्षही जात नाही. रक्त तपासलं की उलगडा होतो. एसजीओटी आणि एसजीपीटी कितीतरी पट वाढलेले, बिलिरुबिन जवळजवळ नेहमीइतकंच, अमोनिया मात्र चढलेला. पाठीतलं पाणी काढलं तर ते स्वच्छ, म्हणजे मेंदूज्वरही नाही.

आत काय घडतं? पेशींमध्ये मायटोकॉन्ड्रिया नावाच्या चुली असतात, त्यांत चरबी जळून शक्ती मिळते. विषाणूशी लढताना त्या आधीच दमलेल्या असतात. ॲस्पिरिन त्यांच्यावर आणखी भार टाकतं, असं मानलं जातं. चुली विझल्या की न जळलेली चरबी यकृतात साठते. अमोनियाची विल्हेवाट लावायचं यकृताचं काम थांबतं, तो रक्तातून मेंदूपर्यंत जातो आणि मेंदू सुजतो. यावर उतारा नाही. अतिदक्षता विभागात शिरेतून ग्लुकोज द्यायचं, मेंदूची सूज उतरवायची आणि यकृत सावरायची वाट पाहायची, एवढंच हातात असतं. 1981 ते 1997 या काळात अमेरिकेत नोंदलेल्या रुग्णांपैकी जवळपास एक तृतीयांश दगावले.

ॲस्पिरिनवर बोट ठेवणारा एक महत्त्वाचा अभ्यास अगदी लहान होता. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात फ्लूची साथ असताना केरन स्टार्को आणि सहकाऱ्यांनी हा आजार झालेली सात मुलं आणि फ्लू होऊनही नीट बरी झालेली त्यांच्या वर्गातली 16 मुलं यांची तुलना केली. सातही जणांनी ॲस्पिरिन घेतलं होतं, सोळांपैकी फक्त आठांनी. हे 1980 मध्ये छापून आलं. 1979-80 च्या हंगामात अमेरिकेत 555 रुग्ण नोंदले गेले होते. पुढे मोठ्या अभ्यासांनी दुजोरा दिला आणि 1986 मध्ये ॲस्पिरिनच्या वेष्टनावर इशारा सक्तीचा झाला. 1994 नंतर काही वर्षं तिथे वर्षाला दोनहून जास्त रुग्ण आढळले नाहीत.

सगळं श्रेय त्या इशाऱ्याचं, असं मात्र म्हणता येत नाही. जन्मतःच चरबी नीट न जळणाऱ्या काही मुलांना पूर्वी याच नावाखाली मोजलं गेलं असावं. शिवाय ॲस्पिरिन घेणाऱ्या बहुसंख्य मुलांना काहीच होत नाही. पण तापासाठी पॅरासिटामॉल असताना हा धोका पत्करायचा कशाला? आपल्याकडे पावसाळ्यातला ताप डेंग्यूचाही असू शकतो आणि त्यात ॲस्पिरिनमुळे रक्तस्राव वाढतो, हे दुसरं कारण.

पॅरासिटामॉलही वजनावरच ठरवावं लागतं. एका वेळी किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, म्हणजे 24 किलोच्या मुलाला 240 ते 360. सिरप मात्र वेगवेगळ्या ताकदीचं मिळतं, म्हणून चमचे मोजण्याआधी बाटलीवरचा आकडा वाचावा.

कावासाकी किंवा संधिवाताच्या तापात डॉक्टर मुलांना मुद्दाम ॲस्पिरिन देतात. ते मनाने बंद करू नका. फ्लू आणि कांजिण्यांच्या लशीबद्दल त्यांना विचारा, आणि घरात यांपैकी काही आलं तर लगेच कळवा. आणि ताप उतरल्यावर मुलाच्या उलट्या थांबत नसतील, ते बरळत असेल, तर रात्र सरायची वाट न पाहता रुग्णालय गाठा. गेल्या काही दिवसांत दिलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत न्या.