दोरीच्या आधी पट्टी

भिंतीवर ताणलेली दोरी बघितली की नव्या गवंड्याला वाटतं, आता थर सरळच येणार. दोरी सरळ असते, यात शंका नाही. पण ती दोन टोकांना ज्या उंचीवर बांधली आहे, ती उंची चुकीची असेल तर दोरी तेवढ्याच सरळपणे थर तिरका नेते. ती टोकं कुठे बांधायची हे गेजपट्टी ठरवते. म्हणून शिकाऊ माणसाने दोरी ताणण्याआधी पट्टीकडे लक्ष द्यावं.

गेजपट्टी म्हणजे सुकलेल्या, न वाकलेल्या लाकडाची किंवा ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाइपची उभी पट्टी. प्रत्येक थराचा माथा कुठे आला पाहिजे, त्याच्या खुणा तिच्यावर असतात. पेन्सिलीच्या खुणा मसाल्याने दोन दिवसांत पुसतात, त्यामुळे लाकडावर करवतीची बारीक खाच मारलेली बरी. खुणांमधलं अंतर किती ठेवायचं, हे मात्र विटा हातात आल्याशिवाय सांगता येत नाही.

एक उदाहरण घेऊ. गावाकडच्या घराची २३० मिलिमीटर जाडीची, साडेचार मीटर लांबीची भिंत आहे. विटा स्थानिक भट्टीच्या, म्हणजे एकसारख्या नाहीत. एखादी वीट उचलून मोजण्यात अर्थ नाही. ढिगाच्या वेगवेगळ्या भागांतून २० विटा काढून कडेवर उभ्या, एकमेकींना चिकटवून रांगेत लावायच्या आणि पूर्ण रांग मोजायची. ती १५०० मिलिमीटर भरली, म्हणजे विटेची सरासरी उंची ७५. सांधा साधारण १० मिलिमीटरचा धरला तर एक थर ८५ चा होतो.

आता वर बघायचं. जोत्याच्या ठरवलेल्या पातळीपासून लिंटेलचा तळ २१०० मिलिमीटरवर हवा आहे. दरवाजाची उंची तयार फरशीपासून मोजतात, त्यामुळे फरशीची जाडी या आकड्यात धरली आहे ना, हे आधीच विचारून घ्यावं. ८५ च्या थराने २४ थर रचले तर २०४० होतात, ६० कमी पडतात. २५ रचले तर २१२५, म्हणजे २५ जास्त. पट्टी न करता काम सुरू केलं की हा हिशेब लिंटेलखाली पोचल्यावर कळतो आणि मग तिथे विटांचे तुकडे किंवा मसाल्याचा जाड थर भरून वेळ मारून नेली जाते. त्याऐवजी २१०० ला २५ ने भागलं की ८४ येतात. सांधा १० ऐवजी ९ चा करायचा, एवढाच फरक. तो डोळ्याला दिसतही नाही. दहावा थर ८४० वर येतो. त्यावर ६० मिलिमीटरची काँक्रीटची पट्टी टाकली की खिडकीची सिल बरोबर ९०० वर बसते.

खुणा करताना टेप एकदाच लावायचा आणि एकाच टोकापासून ८४, १६८, २५२ असं वाचत २१०० पर्यंत जायचं. दर वेळी मागच्या खुणेपासून ८४ मोजत गेलात आणि प्रत्येक वेळी फक्त एक मिलिमीटर जास्त घेतलात, तर २५ थरांत २५ मिलिमीटर चढतात. सिल आणि लिंटेलच्या खुणा वेगळ्या रंगाने ठळक कराव्यात.

पट्टी उभी कशावर करायची, इथे सर्वांत जास्त चुका होतात. जोतं दिसायला सपाट असतं, पण क्वचितच तसं असतं. दोन्ही कोपऱ्यांवर एकसारख्या दोन पट्ट्या ओळंब्यात उभ्या धरा आणि पाणी भरलेली पारदर्शक नळी दोन्ही पट्ट्यांना लावा. नळीत हवेचा बुडबुडा नको, दोन्ही तोंडं उघडी हवीत आणि मधे कुणाचा पाय पडलेला नको. एका कोपऱ्यावर पाणी १००० च्या खुणेला थांबलं आणि दुसऱ्यावर १०१२ ला, तर दुसरा कोपरा १२ मिलिमीटर खाली आहे. तिथे थोडा मसाला आणि फरशीचा तुकडा ठेवून पाणी १००० ला येईपर्यंत पट्टी उचलायची. पहिल्या थराखाली उंच बाजूला ९ चा आणि खालच्या बाजूला २१ चा मसाला येईल. जोत्यातला दोष तिथेच संपतो, वरच्या एकाही सांध्यात जात नाही. फरक याहून बराच मोठा असेल तर आधी बारीक खडीच्या काँक्रीटने जोतं सारखं करून घ्यावं. जाड सांधा नुसता कुरूप दिसत नाही. मसाला विटेपेक्षा मऊ असला की वजनाखाली तो बाजूला पसरू पाहतो आणि विटेला आतून फाडायला लागतो. सांधा जितका जाड, तितका हा त्रास वाढतो.

मग कोपरे चढवायचे. चार-पाच थर, आतल्या बाजूला पायऱ्या सोडत, प्रत्येक थराला पट्टी आणि ओळंबा लावून. त्यानंतरच दोरी. ती नायलॉनची घ्यावी, कारण सुती दोरी भिजली की तिचा ताण बदलतो. दोरी विटेच्या बाहेरच्या वरच्या कडेच्या रेषेत ताणायची. भट्टीच्या विटा कमीजास्त उंचीच्या असतात, म्हणून माथा दोरीला जुळवायचा आणि उंचीतला फरक खालच्या मसाल्याने गिळायचा.

वीट दोरीला टेकवू मात्र नका, दोघींमध्ये एक-दोन मिलिमीटरची फट दिसली पाहिजे. एक वीट टेकली की दोरी बाहेर ढकलली जाते, पुढच्या विटा त्या ढकललेल्या दोरीप्रमाणे बसतात आणि भिंत मधे पोट काढते. अधूनमधून दोरी बोटाने वर उचलून सोडावी. ती परत त्याच जागी आली तर मोकळी आहे, कुठे अडली तर तिथली वीट आत घ्यावी. लांबी दुप्पट झाली की त्याच ताणाला दोरीचा झोल चौपट होतो. साडेचार मीटरला चांगली ताणलेली दोरी पुरते, नऊ मीटरच्या भिंतीला मधे एक वीट पट्टीने बरोबर उंचीवर बसवून दोरीला तिचा आधार द्यावा.

विटा न भिजवता लावल्या तर दोरी असूनही थर वर राहतो. कोरडी वीट मसाल्यातलं पाणी ओढते, मसाला क्षणात घट्ट होतो आणि थापीच्या मुठीने कितीही ठोकलं तरी वीट दोरीपर्यंत खाली जात नाही. घट्ट झालेल्या मसाल्यावरची वीट हलवूही नये, कारण तिची पकड सुटते. ती काढून, मसाला खरवडून, नव्याने लावावी.

उभ्या सांध्यांना दोरीचा काही उपयोग नाही. त्यांच्यासाठी पहिला थर मसाल्याशिवाय मांडून फटी सारख्या वाटून घ्याव्यात आणि पुढे एकाआड एक थराचे सांधे ओळंब्यात येतात का ते बघावं.

दर चार थरांनी पट्टी दोन्ही कोपऱ्यांना पुन्हा लावा. एखादा कोपरा ४ मिलिमीटर खाली निघाला तर तो एका सांध्यात भरून काढू नका. पुढच्या चार थरांत एकेक मिलिमीटर वाढवा. फरक २० च्या पुढे असेल, तर तिथपर्यंतचं काम ताजं असतानाच उतरवणं स्वस्त पडतं.

विटांची नवी गाडी आली की २० विटांची रांग पुन्हा लावा. १५४० भरली, तर वीट ७७ ची झाली. पट्टी तीच ठेवा, सांधा ७ चा होईल. १६०० भरली, तर ८४ च्या थरात सांध्याला फक्त ४ मिलिमीटर उरतात आणि त्यात भट्टीची वाकडी वीट बसत नाही. त्या विटा या भिंतीला वापरू नका. दुसऱ्या भिंतीसाठी बाजूला ठेवा आणि तिच्यासाठी नवी पट्टी करा.