घार पुढे गेली, शेपूट मागे राहिलं

दापोली तालुक्यातल्या केळशीचा किनारा एखाद्या गेममध्ये उभा करायचा ठरवलं, तर सगळ्यात जास्त त्रास समुद्र देणार नाही, सुरूचं बन देईल. संध्याकाळी सुरूच्या आडून पश्चिमेकडे पाहिलं की उजळ आभाळावर हजारो बारीक, काळ्या सुया दिसतात. पडद्यावर यातली एकेक सुई एका पिक्सेलपेक्षाही अरुंद असते. पिक्सेलला मात्र एकच रंग मिळतो, एक तर सुईचा किंवा आभाळाचा. त्यामुळे कॅमेरा जरा हलला की सुया तुटक दिसतात आणि सगळं बन लुकलुकायला लागतं.

यावर गेल्या दशकभरात सर्वाधिक रुळलेला उपाय म्हणजे टेम्पोरल अँटीएलियासिंग, गेमवाल्यांच्या बोलीत टीएए. अनरियल इंजिन ४ मधल्या या पद्धतीचा तपशील ब्रायन कॅरिस यांनी २०१४च्या सिग्राफ परिषदेत मांडला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० साली आलेला ‘राजी’ याच इंजिनवर बनला आहे. युक्ती अशी, की प्रत्येक फ्रेमला कॅमेरा पिक्सेलच्या आतल्या आत किंचित सरकवायचा. एका फ्रेममध्ये पिक्सेलला सुई सापडते, पुढच्या फ्रेममध्ये आभाळ. या फ्रेमा एकमेकींत मिसळल्या की सुईने पिक्सेलचा जेवढा भाग व्यापला असेल तेवढीच काळी छटा उतरते.

जुन्या सगळ्या फ्रेमा साठवून ठेवणं परवडत नाही. म्हणून वहीत मागील बाकी पुढे ओढावी तसं एकच चित्र पुढे ओढलं जातं. त्याला हिस्टरी म्हणतात. नवं चित्र साधारण १० टक्के आणि हिस्टरी ९० टक्के, असं मिश्रण दर फ्रेमला होतं. अनरियल ४ मध्ये तर नव्या फ्रेमचा मूळ वाटा ४ टक्केच आहे. आपण हिशेबाला १० धरू.

आता या देखाव्यात कॅमेरा स्थिर ठेवून एक घार सोडू. पडदा १९२० पिक्सेल रुंद, सेकंदाला ६० फ्रेमा आणि घार एका सेकंदात पडदा ओलांडते. म्हणजे ती दर फ्रेमला ३२ पिक्सेल पुढे जाते. ती स्वतः ६४ पिक्सेल लांब असेल, तर वाटेतल्या कुठल्याही पिक्सेलवर ती फक्त दोन फ्रेमा थांबते. पहिल्या फ्रेमला तिथे १० टक्के घार मिसळते, दुसऱ्याला १९ टक्के, आणि ती निघून जाते. घार धड उमटतच नाही, आणि उमटलेला पुसट डाग हळूहळू विरतो. तो दहाव्या भागावर यायला २२ फ्रेमा लागतात. तेवढ्यात घार ७०० पिक्सेल पुढे गेलेली असते. अर्धपारदर्शक घार आणि तिच्यामागे पडद्याच्या तिसऱ्या हिश्शाहून लांब शेपूट, असं हे घोस्टिंग.

पहिली दुरुस्ती मोशन व्हेक्टरची. घारीवरचा हा बिंदू मागच्या फ्रेममध्ये पडद्यावर कुठे होता, हे इंजिनला काढता येतं. स्थिर वस्तूंसाठी त्या बिंदूची खोली आणि कॅमेऱ्याची मागची जागा पुरते. हलणाऱ्या वस्तूंसाठी मात्र वस्तूची आणि तिच्या सांगाड्यातल्या हाडांची मागची स्थितीही जपून ठेवावी लागते. दोन जागांमधलं अंतर प्रत्येक पिक्सेलसाठी लिहून ठेवलं जातं. मग घारीचा पिक्सेल हिस्टरी स्वतःच्या जागेवरून न घेता ३२ पिक्सेल मागून घेतो. तिथे घारच असते. घार ठसठशीत होते, तिच्या पंखांच्या कडाही गुळगुळीत होतात.

पण शेपूट जात नाही. उलट ते गडद होतं! घार नुकतीच जिथून सरकली, तिथे आता आभाळ उघडं पडलं आहे. आभाळ स्थिर, त्याचा व्हेक्टर शून्य, म्हणून ते आपल्याच जागेची हिस्टरी मागतं. त्या जागी मागच्या फ्रेममध्ये घार होती, आणि आता व्हेक्टरच्या कृपेने अगदी पूर्ण रंगात होती. आभाळाची उजळी ०.८० आणि घारीची ०.१० धरली, तर मिश्रण येतं ०.१७. म्हणजे जवळजवळ पुरी घारच. व्हेक्टर अचूक आहे, पण त्याने दाखवलेल्या जागी या आभाळाचा इतिहासच नाही.

इथे हिस्टरी क्लॅम्पिंग लागतं, आणि माझ्या मते टीएएची खरी करामत तीच आहे. जुना रंग खरा की खोटा हे ठरवण्याच्या भानगडीत पडायचं नाही. चालू फ्रेममध्ये पिक्सेल आणि त्याचे आठ शेजारी पाहायचे, त्यांच्यातला किमान आणि कमाल रंग काढायचा आणि हिस्टरीला त्या मर्यादेत दाबून बसवायचं. किमान `cMin` आणि कमाल `cMax` हाती आले की बाकी चार ओळींचं काम:

```
float2 prev = uv - velocity;
float3 h = history.Sample(s, prev).rgb;
h = clamp(h, cMin, cMax);
return lerp(h, current, 0.1);
```

मोकळ्या आभाळात शेजाऱ्यांची उजळी ०.७८ ते ०.८२ असेल, तर हिस्टरीतली ०.१० ही घार ओढून ०.७८वर आणली जाते. मिश्रण ०.७८२. शेपूट एका फ्रेममध्ये गायब.

हीच घार सुरूच्या बनासमोरून नेली की गंमत होते. नऊ पिक्सेलांपैकी आठ आभाळाचे, ०.८५चे, आणि एकावर सुई, ०.०८ची. मर्यादा झाली ०.०८ ते ०.८५. घारीचा ०.१० त्यात आरामात बसतो आणि क्लॅम्प त्याला हातही लावत नाही. मार्को साल्वी यांनी २०१६ साली मांडलेला उपाय असा, की किमान-कमाल न घेता शेजाऱ्यांची सरासरी आणि प्रमाण विचलन घ्यायचं. आपल्या नऊ पिक्सेलांत सरासरी ०.७६ आणि विचलन ०.२४ येतं, म्हणून खालची मर्यादा ०.५२ ठरते. एकटी सुई आता भुताला आसरा देऊ शकत नाही. दाट बनात मात्र, जिथे पाच सुया आणि चार फटी असतात, तिथे खालची मर्यादा पुन्हा ०.०४ पर्यंत घसरते आणि शेपूट परत दिसतं.

मर्यादा आणखी आवळावी, तर दुसरीकडून मार बसतो. कॅमेरा किंचित सरकल्यामुळे एखाद्या फ्रेममध्ये सुई नऊही पिक्सेलांतून निसटते. सगळे शेजारी आभाळाचे, म्हणून हिस्टरीतली खरीखुरी सुईही भूत समजून पुसली जाते. पुढच्या फ्रेमला ती परत येते. म्हणजे ज्या लुकलुकण्यासाठी हा सगळा खटाटोप मांडला, तेच पुन्हा दारात. सैल मर्यादेत शेपूट, घट्ट मर्यादेत लुकलुक. यातला मध्य प्रत्येक गेम आपापल्या देखाव्याप्रमाणे डोळ्यांनीच ठरवतो.

व्हेक्टरच नसतील तर वेगळी लक्षणं दिसतात. वाऱ्यावर डोलणाऱ्या सुरूच्या फांद्या हलवल्या, पण ते हलणं व्हेक्टरमध्ये लिहायचं राहिलं, की फांद्या पुसट होतात. पाऊस, धूर, पाण्याचे तुषार अशा पारदर्शक गोष्टी बहुधा व्हेक्टर लिहीतच नाहीत. अनरियल ४ मध्ये त्यांच्यासाठी `Responsive AA` अशी खूण आहे. ती लावली की त्या पिक्सेलांपुरता हिस्टरीवरचा भर कमी होतो. थेंब थोडे खरखरीत दिसतात, पण शेपूट सोडत नाहीत.

घरी गेम खेळताना शेपूट दिसलं, तर आधी ते कशावर दिसतं ते पाहा. मोकळ्या आभाळावर असेल तर क्लॅम्प सैल आहे, नुसत्या झाडीत असेल तर ती वर सांगितलेली क्लॅम्पची अडचण आहे. आणि सेटिंगला हात लावण्यापूर्वी एक स्क्रीनशॉट घ्या. टीएएचं शेपूट चित्रातच असतं, त्यामुळे ते स्क्रीनशॉटमध्ये येतं. स्क्रीनशॉट स्वच्छ निघाला, तर दोष गेमचा नाही, मॉनिटरचे पिक्सेल रंग बदलायला वेळ घेत आहेत.